विश्लेषण : ‘कृपया डीएम करा’च्या पुढे काय? बँकेच्या पोस्टखालची तक्रार नेमकी कशी लिहावी?

गुढीपाडव्याच्या गृहकर्ज सवलतीची पोस्ट. दारात तोरण, उंच गुढी, हसरे कुटुंब. त्याखाली पहिलीच कमेंट : ‘एकदम फालतू बँक!! माझे पैसे खाल्ले, आठ दिवस झाले कोणी फोन उचलत नाही, सगळे चोर आहेत.’ त्याखाली बँकेचे उत्तर : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आपला तपशील आम्हाला डीएम करा.’ त्याखाली हात जोडल्याची खूण टाकणारे आणखी चारजण, आणि बँकेसारखेच नाव लावलेला एक अनोळखी ‘कस्टमर केअर’. बहुतेक वेळा प्रकरण इथेच थांबते.

पैसे गेलेले असतात हे खरे, राग रास्त असतो हेही खरे. पण ही कमेंट वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. कोणता व्यवहार, कधीचा, तक्रार नोंदवली आहे का, नियम कोणता मोडला, ग्राहकाला नेमके काय हवे? यातले एकही उत्तर नसल्याने तो साचेबद्ध वाक्य चिकटवतो आणि पुढच्या कमेंटकडे वळतो. हीच तक्रार पाच ओळींत अशी लिहिता येते की खालच्या कर्मचाऱ्याला ती वर पाठवणे सोपे जाते आणि दाबून ठेवणे अवघड. ते कसे, हे एटीएमच्या एका उदाहरणातून पाहू.

कमेंट म्हणजे तक्रार नोंदवणे का?

नाही, आणि गफलत इथूनच सुरू होते. बँकेकडून न्याय मिळाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. पण तिथे पहिला प्रश्न असतो, की आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती का आणि कधी? बँकेने तक्रार फेटाळली, दिलेले उत्तर पटले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तरच लोकपाल प्रकरण हाती घेतात. हे ३० दिवस बँकेकडे लेखी तक्रार पोहोचली त्या दिवसापासून मोजले जातात. एखाद्या पोस्टखाली आपण काहीतरी लिहिले होते, यावर ती मोजणी सुरू झाली असे धरून चालणे धोक्याचे आहे. हेल्पलाइनवरच्या फोनचेही तसेच. फोनवर क्रमांक मिळाला तरी त्याच दिवशी ॲपमधील तक्रार अर्ज किंवा ईमेल पाठवून ती गोष्ट लेखी करून ठेवावी.

मग कमेंटचा उपयोग काय? ती आधीच नोंदवलेल्या तक्रारीकडे चारचौघांत दाखवलेले बोट असते. बँकांचे समाजमाध्यम हाताळणारे पथक हे तक्रार निवारण विभागापेक्षा वेगळे असते. अनेकदा ते बाहेरच्या कंपनीचे असते. त्यांना तुमच्या खात्यात हात घालता येत नाही. त्यांच्या हातात असते ते एवढेच, की तक्रार क्रमांक टाकून प्रकरण आतल्या विभागाकडे ‘जाहीर तक्रार’ असा शेरा मारून ढकलणे. म्हणून तक्रार क्रमांक नसलेली कमेंट ही पत्ता नसलेल्या पाकिटासारखी.

उदाहरण काय आहे?

समजा, साताऱ्यातील एका ग्राहकाने ३ मार्चला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दहा हजार रुपये काढायचा प्रयत्न केला. मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. यंत्रात नोटा मोजल्याचा आवाज झाला, पण झाकण उघडले नाही. चिठ्ठीही आली नाही. मोबाइलवर मात्र खात्यातून दहा हजार वजा झाल्याचा संदेश आला.

अशा वेळी तक्रार कोणाकडे करायची? ज्या बँकेचे एटीएम तिच्याकडे नव्हे, ज्या बँकेचे कार्ड तिच्याकडे. एटीएमवाल्या बँकेशी बोलणे, तिच्याकडून नोंदी मागवणे हे कार्ड देणाऱ्या बँकेचे काम आहे. अनेकजण दोन-तीन दिवस चुकीच्या शाखेत खेटे घालतात आणि तेवढा वेळ वाया जातो.

एटीएमजवळून निघण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. यंत्रावर चिकटवलेला एटीएमचा ओळख क्रमांक, ठिकाण आणि वेळ. चिठ्ठी आली असेल तर तिचा फोटो लगेच काढावा, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. आलेला संदेश पुसू नये. त्यात किंवा खात्याच्या उताऱ्यात व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो.

आपल्या ग्राहकाने ३ मार्चलाच हेल्पलाइनला फोन केला आणि ४ मार्चला सकाळी ॲपमधून लेखी तक्रार केली. क्रमांक मिळाला. फोनवर सांगण्यात आले, ‘सर, सात ते दहा वर्किंग डेज लागतील.’ इथे नियम माहीत असणे कामाला येते.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. अयशस्वी व्यवहारात पैसे किती दिवसांत परत करायचे आणि उशीर झाला तर भरपाई किती, हे त्यात व्यवहाराच्या प्रकारानुसार दिले आहे. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच दिवसांत ते आपणहून परत जमा व्हायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, ‘वर्किंग डेज’ नव्हेत. आणि भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची आहे, ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता.

यूपीआयने एखाद्याच्या खात्यात पैसे पाठवले, आपल्याकडून वजा झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर मुदत व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंतची. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांची पोच अडकली तर पाच दिवसांची. भरपाई दोन्हीकडे रोज शंभर रुपयेच.

आपल्या उदाहरणात ३ मार्च हा व्यवहाराचा दिवस. पाच दिवस ८ मार्चला संपतात. ९ मार्चपासून शंभर रुपये रोज सुरू. १२ मार्चला कमेंट लिहायची असेल, तर त्या दिवशीचा आकडा चार दिवसांचे चारशे रुपये. रक्कम किरकोळ वाटेल. पण कमेंटमध्ये हा आकडा दिसला की वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे ग्राहकाला नियम माहीत आहे आणि दुसरे म्हणजे उशिराचे मीटर चालू आहे.

कमेंट कशी दिसेल?

१२ मार्चची कमेंट साधारण अशी :

‘तक्रार क्र. ४४७१८०२, नोंद ४ मार्च (ॲपमधून लेखी). ३ मार्च रोजी सायं. ७.४२ वा. साताऱ्यातील दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० रु. काढताना नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम वजा झाली. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांची मुदत ८ मार्चला संपली. आज चौथा दिवस. मागणी : १०,००० रु. आणि ९ मार्चपासून रोजचे १०० रु. खात्यात जमा करावेत, किंवा नकार असल्यास कारण लेखी द्यावे. १६ मार्चपर्यंत उत्तर न आल्यास प्रकरण बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांकडे आणि ३ एप्रिलनंतर लोकपालांकडे नेत आहे.’

(तक्रार क्रमांक अर्थातच काल्पनिक. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना तक्रार क्रमांक इंग्रजी अंकांतच द्यावा. तो तसाच उचलून बँकेच्या संगणकात शोधला जातो.)

यात क्रमांक सर्वात आधी आहे, कारण मोबाइलच्या पडद्यावर लांब कमेंटच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचे ‘आणखी पाहा’च्या मागे जाते. वसतिगृहाचे पैसे, मुलीची परीक्षा, शाखेतील मॅडमचे बोलणे यातले काही नाही. ते खोटे म्हणून नव्हे, तर त्यावर बँक ‘दिलगीर आहोत’ म्हणू शकते म्हणून. दहा हजार रुपये, तारीख आणि मुदत यावर नुसती दिलगिरी पुरत नाही. हो किंवा नाही म्हणावे लागते.

‘किंवा नकार असल्यास कारण लेखी द्यावे’ हा तुकडा अनेकांना अनावश्यक वाटेल. माझ्या मते पूर्ण कमेंटमधला सर्वात उपयोगी भाग तोच. मौन पाळणाऱ्या बँकेविरुद्ध ३० दिवस थांबावे लागते. लेखी नकार हातात आला की थांबण्याची गरज उरत नाही.

आणि धमकी? ‘कोर्टात खेचीन’, ‘खाते बंद करीन’, ‘व्हायरल करीन’ या तिन्हीपैकी एकही नको. त्याऐवजी दोन तारखा आणि दोन पायऱ्या. ३ एप्रिल ही तारीख अंदाजाने आलेली नाही. ४ मार्चच्या लेखी तक्रारीपासून ३० दिवस तिथे पूर्ण होतात. दिलेल्या तारखेला ठरल्याप्रमाणे पुढची पायरी चढायचीच, नाहीतर पुढच्या कमेंटला वजन राहत नाही.

‘चोर’, ‘फ्रॉड’ हे शब्द टाळण्यामागे केवळ सभ्यता नाही. ‘मुदत संपली, पैसे आले नाहीत’ हे सिद्ध करता येणारे विधान आहे. ‘बँकेने पैसे खाल्ले’ हा आरोप आहे आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. शाखेतील कर्मचाऱ्याचे नाव घेऊन केलेली शेरेबाजी तर हमखास उलटते, कारण मग मूळ दहा हजार बाजूला राहून चर्चा त्या नावाची होते.

कमेंटमध्ये काय असू नये?

खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा, मोबाइल क्रमांक, यूपीआय ओळख, ईमेल, जन्मतारीख, यापैकी काहीही उघड्यावर नको. खात्याच्या उताऱ्याचा स्क्रीनशॉट टाकायचा मोह होतो. त्यात शिल्लक रक्कम, इतर व्यवहार, ओळखीच्या लोकांची नावे असतात. टाकायचाच असेल तर ती एक ओळ कापून घ्यावी. फोनमधल्या मार्करने काळे फासलेला मजकूर काही वेळा फोटो उजळ केल्यावर वाचता येतो. त्यामुळे पूर्ण भरीव चौकोनाने झाकावे किंवा तो भाग कापूनच टाकावा.

तक्रार क्रमांक उघड्यावर देण्यातही थोडा धोका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बँकेच्या मोठ्या पोस्टखाली लबाडांची पाळत असते. ते क्रमांक उचलतात आणि ‘सर, तुमची तक्रार ४४७१८०२ संदर्भात बोलतोय’ असा फोन करतात. ग्राहकाला वाटते, क्रमांक माहीत आहे म्हणजे बँकेचाच माणूस. पण तो क्रमांक आपणच जगाला सांगितलेला असतो! त्यामुळे क्रमांक द्यावा, पण आपल्या प्रोफाइलवर मोबाइल क्रमांक दिसत नाही ना, हे आधी तपासावे. आणि तो क्रमांक सांगणाऱ्याची ओळख त्यावरून पटली असे कधीही धरू नये.

बनावट ‘कस्टमर केअर’ ओळखायची खूण सोपी आहे. ते अर्ज भरायला दुवा पाठवतात, स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगतात किंवा ‘परतावा जमा करण्यासाठी’ ओटीपी वा पिन मागतात. पैसे परत घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नावापुढच्या निळ्या टिकवरही विसंबू नये, काही माध्यमांवर ती पैसे भरून मिळते. बँकेचे खरे खाते कोणते, हे बँकेच्या संकेतस्थळावरून तिथपर्यंत जाऊन पाहावे. अशा लबाडाच्या हाती पैसे गेलेच, तर कमेंट वगैरे नंतर. आधी १९३० या क्रमांकावर फोन आणि बँकेला कळवून खाते रोखणे.

‘डीएम करा’ म्हटल्यावर?

डीएम करावा. खाते तपशील तिथेच द्यायचा असतो. पण संवाद पूर्णपणे पडद्याआड जाऊ देऊ नये. डीएम पाठवला की मूळ कमेंटखाली एक ओळ लिहावी : ‘तपशील १२ मार्च दुपारी ३.१० वा. डीएममध्ये दिला आहे. निर्णय काय झाला ते इथेही कळवावे.’ एवढ्याने धागा जिवंत राहतो.

तीच कमेंट बँकेच्या दहा पोस्टखाली चिकटवू नये. माध्यमाची यंत्रणा तिला स्पॅम समजू शकते, शिवाय दहा ठिकाणी दहा साचेबद्ध उत्तरे मिळून प्रकरणाचा माग तुटतो. एकच कमेंट आणि पुढची प्रत्येक घडामोड तिच्याचखाली, तारखेसह.

आणखी एक बाब फारशी माहीत नसते. फेसबुकवर पानाचा मालक एखादी कमेंट न पुसता लपवू शकतो. मग ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना दिसत राहते, बाकी जगाला नाही. ग्राहक समजतो सगळे वाचत आहेत. ओळखीत नसलेल्या कोणाच्या फोनवरून ती दिसते का हे पाहावे. कमेंट लिहिल्याबरोबर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि तिचा दुवा जपून ठेवावा. पुढे लोकपालांकडे जाताना ती पुराव्याच्या पुरवणीत जोडता येते.

रिझर्व्ह बँकेच्या किंवा अर्थमंत्र्यांच्या खात्याला टॅग करण्याची पद्धत पडली आहे. करायला हरकत नाही, पण त्याने लोकपालांकडे तक्रार नोंदली जात नाही.

बँक म्हणाली, ‘व्यवहार यशस्वी’!

खरी कसोटी इथे लागते. आपल्या उदाहरणात १४ मार्चला बँकेचे उत्तर येते : ‘आमच्या नोंदीनुसार सदर व्यवहार यशस्वी झाला आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.’ बहुतेक लोक इथे हात टेकतात किंवा पुन्हा ‘चोर’वर येतात.

‘यशस्वी’ हा निष्कर्ष कशावरून निघतो, ते समजून घेतले तर पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. एटीएम प्रत्येक व्यवहाराची स्वतःची नोंद ठेवते, तिला बँकेच्या भाषेत ईजे लॉग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात. कोणत्या पेटीतून किती नोटा निघाल्या, मध्ये अडथळा आला का, हे त्यात असते. दुसरी गोष्ट रोकड ताळेबंद. यंत्रात नोटा भरणारी माणसे येतात तेव्हा आत उरलेली रोकड मोजतात. हिशेबाने असायला हव्यात त्याहून दहा हजार जास्त निघाले, तर कोणाच्या तरी हाती नोटा आलेल्या नाहीत. तिसरी गोष्ट कॅमेऱ्याचे चित्रण. ‘यशस्वी’ हा शेरा मात्र अनेकदा केवळ दोन बँकांमधील संगणकी संदेशावरून मारलेला असतो. यंत्राने ‘दिले’ असे कळवले, एवढेच त्यात असते. नोटा झाकणाबाहेर आल्या की आतच अडकल्या, ते त्यात नसते.

त्यामुळे उत्तराखाली लिहायचे ते असे :

‘१४ मार्चचे उत्तर मिळाले, मान्य नाही. व्यवहार यशस्वी ठरवताना ईजे लॉग, त्या दिवसाचा रोकड ताळेबंद आणि ७.४० ते ७.५० चे चित्रण तपासले का? तपासले असल्यास प्रती द्याव्यात. चित्रण पुसले जाऊ नये म्हणून ते राखून ठेवण्याची विनंती आज ईमेलने केली आहे. तक्रार अंतर्गत लोकपालांपुढे ठेवली होती का, तेही कळवावे.’

चित्रणाची घाई करावीच लागते, ते कायम ठेवले जात नाही आणि त्यावर नवे चित्रण चढते. अंतर्गत लोकपाल म्हणजे बँकेतच नेमलेला, पण तक्रार विभागाहून स्वतंत्र असा अधिकारी. ज्या बँकांना ही व्यवस्था लागू आहे, त्यांनी ग्राहकाची तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळण्याआधी ती त्याच्यासमोर ठेवायची असते. ग्राहकाला तिथे थेट जाता येत नाही, पण ती तिथे गेली होती का, हे विचारता येते. हा प्रश्न आला की तक्रार घाईने ‘बंद’ करणाऱ्याला फाइल पुन्हा उघडावी लागण्याची शक्यता बरीच वाढते.

हाच मजकूर त्याच दिवशी बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना ईमेलने गेला पाहिजे. त्यांचे नाव-पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर ‘ग्राहक तक्रार निवारण’ या भागात असतो. कमेंट हे त्या ईमेलचे सार्वजनिक प्रतिबिंब, बस.

लोकपालांकडे काय न्यायचे?

बँकेने फेटाळले किंवा ३० दिवस उलटले, की cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. इंटरनेट जमत नसेल तर चंदिगडमधील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तेच प्रकरण आधीच न्यायालयात असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. तिथेही मुदत असते, म्हणून वर्षभराने आठवण होऊन उपयोग नाही.

सुरुवातीपासून कमेंट वर दाखवल्याप्रमाणे लिहिली असेल, तर हा अर्ज भरायला अर्धा तासही लागत नाही. बँकेकडे तक्रार केल्याची तारीख, क्रमांक, व्यवहाराची तारीख, मागणीची रक्कम, बँकेचे उत्तर या सर्व रकान्यांची उत्तरे त्या धाग्यात क्रमाने लागलेली असतात.

महाराष्ट्रात एक वेगळी अडचण येते. ग्रामीण आणि निमशहरी भागात अनेकांचे पैसे पतसंस्थेत असतात आणि बोलीत तिलाही ‘बँक’च म्हणतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांच्या कक्षेत येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते. कमेंटमध्ये लोकपालांचा उल्लेख करण्याआधी पासबुकावर संस्थेचे पूर्ण नाव वाचून घ्यावे.

मोबाइल कंपनीच्या बाबतीत काय बदलते?

मांडणी तीच, पायऱ्या वेगळ्या. दूरसंचार कंपनीने प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यायचा असतो. तक्रार १९८ या मोफत क्रमांकावर नोंदवता येते. निवारण झाले नाही किंवा पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ‘ट्रायकडे जाईन’ ही धमकी इथे सर्रास दिसते, पण ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, आणि कंपनीच्या पथकाला ते पक्के ठाऊक असते. ‘अपील प्राधिकरणाकडे जात आहे’ असे लिहिलेले वाचले की मात्र त्यांना कळते, माणसाला रस्ता माहीत आहे.

न मागता सुरू झालेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापले गेले, तर कमेंट एवढीच पुरे : ‘डॉकेट क्र. अमुक, ६ मार्च. ५ मार्च रोजी माझ्या संमतीशिवाय सेवा सुरू करून ४९ रु. कापले. मागणी : सेवा बंद करून ४९ रु. परत, अन्यथा माझ्या संमतीची नोंद तारीख-वेळेसह दाखवावी. ठरलेल्या मुदतीत निवारण न झाल्यास अपील करत आहे.’ मोबाइल क्रमांक इथेही डीएममध्येच.

पैसे आले, पुढे?

आपल्या साताऱ्याच्या ग्राहकाकडे परत येऊ. समजा, २७ मार्चला दहा हजार रुपये खात्यात आले. बँकेचा संदेश : ‘तक्रारीचे निवारण झाले आहे. कृपया आपली कमेंट काढून टाकावी.’ खाते पाहिले तर फक्त दहा हजार. भरपाई नाही. ८ मार्चनंतर २७ मार्चपर्यंत १९ दिवस होतात, म्हणजे १,९०० रुपये बाकी. हे फार वेळा घडते, कारण मूळ रक्कम मिळाल्याच्या आनंदात कोणी मोजत बसत नाही.

कमेंट काढायची नाही. तिच्याखाली लिहायचे : ‘२७ मार्च : १०,००० रु. जमा, आभार. ९ ते २७ मार्च अशा १९ दिवसांची भरपाई १,९०० रु. बाकी. तक्रार क्र. तोच, ती बंद करण्यास संमती नाही.’ आणि ते पैसे आल्यावर शेवटची ओळ : ‘१,९०० रु. मिळाले. प्रकरण मिटले.’